कॅलेंडरच्या चौकटीतले दोन आकडे

रात्री दोनच्या सुमारास तो अंथरुणातून उठला आणि दाराची कडी काढू लागला. बायको जागी झाली. “अवो, कुठं निघालासा?” तिने विचारले. “बैलांस्नी पाणी दावायचंय,” तो म्हणाला आणि गोठ्याच्या दिशेने चालू लागला. गोठ्यात बैल नव्हते. ते विकून दोन वर्षे झाली होती. त्याआधीचे तीन दिवस तो दिवसभर झोपत होता आणि रात्री टक्क जागा राहत होता. आदल्या दिवशी सदऱ्याची बटणे खालीवर लागली होती, आणि चहात त्याने साखरेऐवजी मीठ टाकले तेव्हा घरच्यांना हसू आले होते. सकाळी शेजारच्या म्हातारीने निदान केले, “बाहेरचं असणार काहीतरी.” तो दिवस देवऋषीकडे गेला.

वडूजच्या आसपासच्या वाडीवस्तीवरचे हे चित्र कोणा एका माणसाचे नाही, अनेक घरांत दिसणाऱ्या गोष्टी जुळवून केलेले आहे. म्हणून इथे नाव नाही. माणूस पन्नाशीचा, थोडी कोरडवाहू जमीन, मोठा मुलगा गलाईच्या धंद्यात परराज्यात, घरी बायको, धाकटा मुलगा आणि सून. पंधरा-सोळा वर्षे रोज संध्याकाळी एक क्वार्टर. महिन्याभरापूर्वी पोट नगाऱ्यासारखे ताणले, धाप लागू लागली, तेव्हा सोनोग्राफीत यकृताचा सिरॉसिस निघाला. साताऱ्याला दाखल करून पोटातून सहा लिटर पाणी काढले. घरी सोडताना गोळ्या, एक गोड पातळ औषध आणि ‘मीठ कमी करा’ एवढी सूचना मिळाली.

त्या रात्री बैल आठवण्याचे कारण होते पोटात अडकलेला शौच. चौथा दिवस होता. गोड औषध घेतले की वारंवार शौचाला जावे लागते म्हणून, पाहुण्यांच्या लग्नाला जायचे होते तेव्हा, ते बंद केले होते. लग्न झाले, पण औषध पुन्हा सुरू झाले नाही. औषध कशासाठी आहे हे घरात कोणालाच नीट कळलेले नव्हते. ‘पोट साफ होण्यासाठी’ एवढेच माहीत होते, आणि पोट साफ होण्याचा मेंदूशी काय संबंध असेल, असे कोणालाही वाटणे साहजिकच आहे.

संबंध असा. आपण खाल्लेल्या अन्नावर आतड्यातले जिवाणू काम करतात आणि त्यातून अमोनिया हा विषारी वायू तयार होतो. तो रक्तात मिसळून आधी यकृतात जातो. निरोगी यकृत त्याचे युरियात रूपांतर करते आणि लघवीवाटे तो बाहेर पडतो. सिरॉसिसमध्ये यकृताच्या मऊ पेशींच्या जागी व्रणासारखे कठीण तंतू आणि गाठी तयार होतात. पेशी कमी झाल्यामुळे अमोनियाचा निपटारा होत नाही. शिवाय कठीण झालेल्या यकृतातून रक्त सहज पुढे सरकत नाही, म्हणून ते आडवाटा शोधते आणि यकृताला वळसा घालून थेट मोठ्या रक्तप्रवाहात जाते. गाळणीतून न गेलेले हे रक्त मेंदूपर्यंत पोहोचले की माणूस आधी सुस्तावतो, मग चिडतो, मग भलतेच बोलू लागतो आणि शेवटी बेशुद्ध होतो. शौच आतड्यात जितका वेळ पडून राहील तितका जास्त अमोनिया रक्तात शिरतो.

ते गोड पातळ औषध म्हणजे लॅक्ट्युलोज. ही एक प्रकारची साखरच, पण आपल्या आतड्यात न पचणारी. मोठ्या आतड्यात ती पोहोचली की तिथले जिवाणू तिचे आम्लात रूपांतर करतात. त्या आम्लामुळे अमोनियाचे रूप बदलते, तो आतड्यातच अडकतो आणि पातळ शौचाबरोबर बाहेर जातो. म्हणजे दिसायला हे जुलाबाचे औषध असले तरी या रुग्णासाठी ते मेंदूचे औषध आहे. ते बंद करणे म्हणजे मधुमेहाच्या माणसाचे इन्सुलिन बंद करण्यासारखे.

या औषधाची आणखी एक गंमत आहे, आणि चुका नेमक्या तिथेच होतात. त्याचा डोस चमच्यांवर ठरत नाही, दिवसात किती वेळा मऊ शौच झाला यावर ठरतो. सुरुवात बहुधा १५ ते ३० मिलिलिटर, दिवसातून दोन-तीनदा, अशी होते. लक्ष्य असते दिवसाला दोन ते तीन मऊ शौच. एकदाच झाला तर डोस वाढवायचा, पाच-सहा वेळा पाण्यासारखे जुलाब झाले तर कमी करायचा. कमी-जास्त कसे करायचे हे घरी सोडतानाच डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. दोन्ही बाजूंनी घसरण आहे. बद्धकोष्ठ झाले की अमोनिया चढतो, आणि फार जुलाब झाले की अंगातले पाणी व क्षार जातात, मूत्रपिंड कोरडे पडते आणि तेच गोंधळलेपण दुसऱ्या दाराने घरात येते. त्यामुळे ‘एक झाकण सकाळी, एक झाकण रात्री’ असे महिनोन्महिने न मोजता देत राहणे उपयोगाचे नाही. मोजायचे ते शौच. खेड्यात घरच्या बाईला किंवा सुनेला हे विचारायला संकोच वाटतो. रुग्णालाच सांगावे, जाऊन आलास की खडूने एक रेघ ओढ. दारामागे ओढलेल्या त्या रेघा संध्याकाळी मोजल्या की झाले.

भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये त्या दिवसाच्या चौकटीत हा पहिला आकडा लिहायचा. दुसरा आकडा वजनाचा, आणि त्याची गोष्ट पोटातल्या पाण्यापासून सुरू होते.

पोट फुगते तेव्हा पहिला संशय गॅसचा असतो, मग खाण्याचा. काही घरांत ‘अंगावर मांस चढलंय’ असे समाधानही असते. खरे तर पोट वाढत असताना दंड, मांड्या आणि कानशिले आत गेलेली असतात. हात बारीक आणि पोट मोठे, हे चित्र दिसले की जलोदराची शंका घ्यावी. कठीण यकृतामुळे आतड्याकडून येणाऱ्या रक्तवाहिन्यांत दाब वाढतो. या गडबडीत शरीराचा समज होतो की रक्त कमी पडले आहे, आणि मूत्रपिंडाला हुकूम जातो की मीठ धरून ठेव. मूत्रपिंड मीठ धरते, मिठामागे पाणी येते, आणि ते पाणी पोटाच्या पोकळीत झिरपत राहते.

इथे एक साधा हिशेब करून पाहावा. पोटातल्या या एक लिटर पाण्यात साधारण साडेसात ग्रॅम मीठ असते, म्हणजे जवळजवळ दीड चहाचा चमचा. एवढे मीठ असल्याशिवाय ते लिटरभर पाणी तिथे थांबूच शकत नाही. आपल्याकडे माणूस दिवसात सहज आठ-दहा ग्रॅम मीठ खातो. जलोदराचा गंभीर रुग्ण औषधाशिवाय त्यातले एक-दोन ग्रॅमच लघवीतून बाहेर टाकतो. उरलेले सात-आठ ग्रॅम म्हणजे रोजचे एक लिटर पाणी. साताऱ्याला काढलेले सहा लिटर आठवड्यात परत का भरतात, हे यावरून कळते. ‘एकदा सुई घातली की पाणी भरतच राहतं, म्हणून काढूच नये,’ हा समज गावोगाव आहे. सुईचा त्यात दोष नसतो. पाणी भरते ते जेवणातल्या मिठामुळे. मोठ्या प्रमाणावर, म्हणजे पाच लिटरपेक्षा जास्त पाणी काढताना शिरेतून अल्ब्युमिन देतात, काढलेल्या लिटरमागे सहा ते आठ ग्रॅम, म्हणजे रक्ताभिसरण कोलमडत नाही. ते महाग असते आणि ते का आणायला सांगितले म्हणून कुरबूर होते. पण ते टाळले तर मूत्रपिंडाला धक्का बसू शकतो.

रुग्णासाठी दिवसाचे एकूण मीठ पाच ग्रॅम, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा, असे धरतात. हे वरून घ्यायचे मीठ नव्हे. आमटी, भाजी, चटणी, सगळे मिळून एवढेच. सकाळी एका छोट्या वाटीत ते काढून ठेवले आणि त्याच्या जेवणात पडेल ते त्या वाटीतूनच पडेल असे केले, तर संध्याकाळी वाटी खोटे बोलत नाही. आमटीत मीठ टाकण्याआधी त्याची वाटी बाजूला काढता येते. भाकरी बिनमिठाचीच करावी. खरी पंचाईत होते ती लोणचे, पापड, कुरडई, खारे शेंगदाणे, फरसाण आणि मिरचीचा खर्डा यांनी. पापडात मिठाबरोबर पापडखार असतो आणि त्यातही सोडियम असते. खर्ड्याची चव लसूण, जिरे, कोथिंबीर आणि लिंबाने बरीचशी भरून निघते, पूर्ण नाही. सैंधव मीठ चालते हा गैरसमज आहे, तेही मीठच. बाजारात मिळणारे ‘लो सोडियम’ मीठ तर या रुग्णाला धोक्याचे, कारण त्यात पोटॅशियम असते आणि त्याला चालू असलेली स्पायरोनोलॅक्टोनची गोळीही पोटॅशियम वाढवते. ते फार वाढले तर हृदयाचे ठोके बिघडतात.

मात्र मिठाच्या मागे लागून ताट परत जाऊ देऊ नये. अळणी म्हणून माणूस दोन घास खाऊन उठत असेल, तर त्याला थोडे मीठ देऊन पोटभर जेवू घालणे चांगले. पाणी पिण्यावरही सरसकट बंदी नसते. रक्तातले सोडियम फार खाली गेले असेल तरच डॉक्टर पाणी मोजून द्यायला सांगतात. ‘पोटात पाणी झालंय, मग पाणी कशाला द्यायचं’ हा तर्क वरवर बरोबर वाटतो, पण उन्हाळ्यात खटाव तालुक्यात तसे करणे म्हणजे मूत्रपिंडाशी खेळ.

आता वजन. सकाळी उठून शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच कपड्यांत, त्याच काट्यावर. रोज. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, आणि दोन दिवसांत एक किलो मांस कोणाच्याही अंगावर चढत नाही. म्हणून झपाट्याने वाढलेले वजन हे पाणीच. समजा घरी आला तेव्हा काटा ५७ किलो दाखवत होता. चौथ्या दिवशी ५७.८, सातव्या दिवशी ५९.२. आठवड्यात दोन किलोंपेक्षा जास्त वाढ झाली, पोट दिसायला अजून फारसे फुगलेले नसले तरी. याच वेळी दवाखान्यात फोन करावा. धाप लागेपर्यंत थांबले की पुन्हा सुई आणि पुन्हा अल्ब्युमिन. उलट बाजूही तितकीच खरी आहे. लघवीच्या गोळ्यांनी वजन उतरावे, पण पायाला सूज नसेल तर दिवसाला अर्ध्या किलोपेक्षा जास्त नको, सूज असेल तर एक किलोपर्यंत चालते. त्याहून वेगाने उतरत असेल, लघवी कमी झाली असेल, उभे राहिल्यावर चक्कर येत असेल, तर गोळी जास्त होत आहे.

या आकड्यात एक फसवी गोष्ट आहे. दोन महिने काटा ५७ वरच असेल तर घरच्यांना सारे ठीक वाटते. पण याच काळात पाणी दोन किलोने वाढून मांस दोन किलोने घटलेले असू शकते. म्हणून महिन्यातून एकदा दंडाचा घेर शिवणाच्या टेपने मोजून कॅलेंडरच्या समासात लिहून ठेवावा.

मांस घटणे हे इथे नुसते अशक्तपण नसते. यकृत थकले की अमोनियाचा काही भाग स्नायू उचलतात. स्नायू वाळले की तोही आधार जातो. म्हणजे वाळलेला दंड आणि मध्यरात्री आठवणारे बैल यांचा थेट संबंध आहे. आणि नेमके याच रुग्णांचे डाळ, दूध, अंडी बंद केली जातात. ‘लिव्हर खराब आहे, हलकं खा’ म्हणून त्यांना महिनाभर साबुदाण्याची पेज आणि उसाच्या रसावर ठेवतात. पूर्वी डॉक्टरही प्रथिने तोडायला सांगत, तो सल्ला आता मागे पडला आहे. पाणी वगळून ५० किलो वजनाच्या माणसाला दिवसाला ६० ते ७५ ग्रॅम प्रथिने लागतात. अर्धा लिटर दूध, दोन अंडी, दोन वाट्या घट्ट वरण किंवा उसळ, तीन-चार ज्वारीच्या भाकऱ्या आणि मूठभर बिनमिठाचे शेंगदाणे, एवढ्यात ते होते. अंडी न खाणाऱ्यांनी दही, पनीर वाढवावे. उसाचा रस पिल्याने यकृत बरे होते याला काही आधार नाही, त्यातून फक्त साखर मिळते.

रात्रीचे जेवण सातला आणि सकाळचा चहा सातला, ही आपल्याकडची शिस्त या रुग्णाला मानवत नाही. निरोगी यकृत रात्रभर पुरेल एवढी साखर साठवून ठेवते. सिरॉसिसचे यकृत ती साठवू शकत नाही, आणि एका रात्रीच्या उपाशीपणाचा त्याच्या शरीरावर परिणाम निरोगी माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या उपासाइतका होतो. मग शरीर आपलेच स्नायू मोडून साखर बनवते. म्हणून झोपताना, दहाच्या सुमारास, ग्लासभर दूध आणि अर्धी भाकरी किंवा एखादा लाडू आवर्जून द्यावा. सगळ्या सल्ल्यांत हा सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वांत कमी पाळला जातो. एकादशी, नवरात्र यांचे उपास घरातल्या दुसऱ्या कोणी धरावेत.

आता मेंदूकडे परत. गोंधळलेपण एकदम येत नाही, आधी बारीक खुणा देते. दिवसा झोप आणि रात्री जाग ही पहिली. मग सही बदलते. मग नेहमीचा हिशेब चुकतो. घरच्या घरी एक परीक्षा घेता येते आणि तिची रुग्णाला चीड येत नाही. एका मिनिटात जनावरांची नावे सांगायला लावायची. शेतकरी माणूस चांगला असताना पंधरा-वीस सहज सांगतो, गाय, म्हैस, शेळी, कोल्हा करत. आठवडाभराने तोच सहा-सातवर अडला तर काहीतरी बिघडते आहे. दुसरी खूण हातांची. दोन्ही हात पुढे करून, वाहतूक थांबवणाऱ्या पोलिसासारखे तळवे वर उचलून धरायला सांगावे. तळवे पाखराने पंख मारावेत तसे खाली पडत-उचलत असतील तर थांबू नये. या काळात दुचाकी, ट्रॅक्टर आणि विहिरीवरची मोटर त्याच्या हातात देऊ नये. बोलणे ठीक वाटले तरी हात-डोळ्यांची गती मंदावलेली असते.

खूण दिसली की आधी कॅलेंडर पाहावे. शौच झाला नसेल आणि माणूस पूर्ण जागा असेल, नीट गिळत असेल, तर लॅक्ट्युलोज देऊन दवाखान्यात फोन करावा. पण गुंगीत असलेल्या माणसाच्या तोंडात औषध ओतू नये, ते फुफ्फुसात जाते. त्याला कुशीवर वळवून १०८ ला फोन लावावा. शौच व्यवस्थित होत असूनही गोंधळ असेल तर कारण दुसरे शोधावे लागते, आणि ती कारणे घरात बसून सापडत नाहीत. ताप किंवा पोटदुखी असेल तर पोटातल्या पाण्यात जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. कधी ताप नसतानाही होतो. तो ओळखायची एकच पद्धत, सुईने थोडे पाणी काढून त्यातल्या पेशी मोजणे. घनमिलिमीटरमागे २५० पेक्षा जास्त न्यूट्रोफिल निघाले की प्रतिजैविके लगेच सुरू होतात. जलोदराचा रुग्ण दाखल झाला की ‘पोटातल्या पाण्याची पेशी तपासणी झाली का’ हे नातेवाइकाने विचारण्यात काही उद्धटपणा नाही. शौच डांबरासारखा काळा झाला किंवा रक्ताची उलटी झाली, तर अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटल्या आहेत असे समजून तासही घालवू नये. वडूजहून साताऱ्याचा किंवा कराडचा रस्ता लांबचा आहे, म्हणून निघण्याचा निर्णय लवकर घ्यावा लागतो. या शिरा फुटण्याआधीच एंडोस्कोपीने पाहता येतात, आणि गोळ्यांनी किंवा रबरी बँड लावून धोका कमी करता येतो.

काही गोंधळ घरच्यांच्या प्रेमातून येतात. रात्री झोपत नाही म्हणून झोपेची गोळी देणे हा त्यातला पहिला. या रुग्णात ती थेट बेशुद्धीकडे नेऊ शकते. कंबर दुखते म्हणून मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामके दुसरा. ती मूत्रपिंड बंद पाडतात आणि जठरातून रक्तस्राव घडवतात. ताप-अंगदुखीला पॅरासिटामॉल दिवसाला दोन ग्रॅमपर्यंत, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या चार गोळ्यांपर्यंत, डॉक्टरांना विचारून चालते. तिसरा, गुळवेलीचा काढा. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये अशा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, ज्यांना करोनाच्या काळात गुळवेल घेतल्यावर यकृताची इजा झाली होती. झाडपाला आहे म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही.

चौथा सर्वांत घातक आहे. ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती एसटी स्टँडपासून शेतातल्या भिंतींपर्यंत रंगवलेल्या दिसतात. अशा पुड्यांत काय असते ते पुडीवर लिहिलेले नसते, आणि डायसल्फिराम असण्याची शक्यता गृहीत धरावीच लागते. हे औषध अंगात असताना माणूस प्यायला तर रक्तदाब कोसळतो. शिवाय ते स्वतःच यकृताला इजा करू शकते, म्हणून गंभीर सिरॉसिसमध्ये डॉक्टर ते देत नाहीत. भाजीत गुपचूप पूड कालवणारी आई किंवा बायको वाईट हेतूने तसे करत नाही, पण तिच्या हातून जीव जाऊ शकतो.

दारू मात्र सुटलीच पाहिजे, या टप्प्यावरही. ४२.८ टक्क्यांच्या १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते, आणि यकृताला बाटलीवरचे लेबल वाचता येत नाही. ‘आता उशीर झाला, पिऊ दे’ असे म्हणणारे नातेवाईक चुकतात. पूर्ण बंद केल्यावर काही महिन्यांत कित्येकांचे पोटातले पाणी कमी होते, काहींच्या गोळ्याही बंद करता येतात. तंतू पूर्ण जात नाहीत, पण यकृतातला दाब उतरतो. फक्त वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एका रात्रीत घरीच दारू सोडू नये. दोन-तीन दिवसांत थरकाप, भास, झटके येऊ शकतात, आणि तेव्हाचे भास अमोनियाचे की दारू तुटल्याचे हे घरी कळत नाही. हे दवाखान्यातच करावे.

न पिणाऱ्या माणसाला सिरॉसिस झाला की गावात आधी कुजबुज होते. ती अन्यायाची असते. १९८२ मध्ये ‘कुली’च्या चित्रीकरणात जखमी झालेल्या अमिताभ बच्चन यांना सुमारे साठ बाटल्या रक्त द्यावे लागले. त्यातून हिपॅटायटिस बी चा विषाणू आला आणि पुढे कित्येक वर्षांनी एका नेहमीच्या तपासणीत यकृताचा तीन-चतुर्थांश भाग निकामी झालेला आढळला, हे त्यांनी स्वतः जाहीर सांगितले आहे. हिपॅटायटिस बी आणि सी, मधुमेह व लठ्ठपणातून येणारे चरबीचे यकृत, तरुण मुलांत तांबे साठण्याचा विल्सनचा आजार, अशी कारणे बरीच आहेत. पिणाऱ्या रुग्णातही हिपॅटायटिसची तपासणी करावीच, कारण दोन्ही एकत्र असू शकतात. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २०१८ पासून सुरू आहे आणि त्यात बी व सी ची तपासणी व औषधे मोफत आहेत. सी चा विषाणू बहुतेकांत १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी जातो. बी ची गोळी दीर्घकाळ घ्यावी लागते आणि मनाने बंद केली तर आजार उसळतो. घरात कोणाला बी निघाला तर बाकीच्यांनी रक्त तपासून लस घ्यावी.

कारण कोणतेही असो, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चुकवू नये. सिरॉसिसच्या यकृतात कर्करोग होण्याचा धोका असतो आणि लहान असताना त्याला काही त्रास नसतो. पाणी आणि गोंधळलेपण एकदा सुरू झाले की यकृत प्रत्यारोपणाबद्दल तज्ज्ञाला विचारण्याची तीच वेळ असते. सगळेच त्याला पात्र ठरत नाहीत, सगळ्यांना ते परवडतही नाही. पण विचारायला उशीर केला तर स्नायू इतके वाळतात की शस्त्रक्रिया सोसवत नाही.

त्या घरी पुढे काय झाले तर, देवऋषीकडून परतल्यावर संध्याकाळी तो हाक मारूनही उठेना. मग गाडी केली. दवाखान्यात मागून एनिमा दिला, नाकातून नळी घालून लॅक्ट्युलोज दिले, पोटातले थोडे पाणी तपासले, त्यात जंतू नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने बायकोला ओळखले आणि चहा मागितला. देवऋषीकडच्या फेरीबद्दल त्याला काही आठवत नव्हते. सोडताना डॉक्टरांनी लॅक्ट्युलोजबरोबर रिफॅक्सिमिन ही आतड्यातले जिवाणू आवरणारी गोळी लिहून दिली आणि सुनेला विचारले, घरी वजनकाटा आहे का. नव्हता. जाताना वडूजमध्ये थांबून घेतला.

पुढच्या तपासणीला ती भिंतीवरचे कॅलेंडरच गुंडाळून घेऊन गेली. २, ५६.४. ३, ५६.०. १, ५६.१. २, ५५.८. अकरा तारखेच्या चौकटीत १ च्या पुढे तिने कंसात ‘गप्प गप्प’ लिहिले होते. त्या दिवशी दुपारी एक डोस जास्त दिला होता आणि बारा तारखेला तिथे ३ होते. डॉक्टरांनी ते पान शेवटपर्यंत वाचले, लघवीची एक गोळी अर्धी केली आणि पुढची तारीख त्याच कॅलेंडरवर गोल करून दिली.